दिवसा पेंग येते? गोळीमुळे की झोपेच्या आजारामुळे, पंधरा दिवसांच्या वहीतून असं ओळखा

जेऊर (ता. करमाळा) : उसाचा सीझन सुरू झाला की रात्रभर ट्रॅक्टर चालतात. लाईट रात्रीची असली की शेतकरी दारं धरायला जातो. अशा दिवसांत एखादा माणूस पारावर, दुकानात किंवा गाडीवर पेंगताना दिसला तर कुणाला नवल वाटत नाही. "झोप झाली नसेल" म्हणून विषय संपतो. पण रात्री सात-आठ तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील तर कारण शोधावं लागतं, कारण हाच माणूस तासाभराने टेंभुर्णी रस्त्याला मोटारसायकल चालवणार असतो.

घरात अशा वेळी दोनच उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, "गोळ्यांची गुंगी आहे, बंद करा त्या गोळ्या." कुणी म्हणतं, "रात्री झोप नीट लागत नाही, झोपेची गोळी घ्या." दोन्ही उत्तरं अंदाजाने दिलेली असतात आणि दोन्ही अंगाशी येऊ शकतात. फिटची गोळी मनाने बंद केली तर फिट येऊ शकते. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असताना झोपेची गोळी घेतली तर श्वास आणखी अडकू शकतो.

या दोन कारणांतला फरक बऱ्याच वेळा साध्या वहीतून दिसतो. त्यामागचं सूत्र असं आहे : गोळीची पेंग गोळीच्या वेळेमागे धावते. झोपेच्या आजाराची पेंग गोळी कधी घेतली याची पर्वा करत नाही. गोळीची वेळ बदलली आणि पेंगेची वेळही बदलली, तर संशय गोळीवर. गोळी पुढे-मागे झाली, चुकली, तरी पेंग तिथंच, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

आधी थकवा आणि झोप वेगळी करा

वहीत थकवा लिहायचा नाही, झोप लिहायची. अंग गळून गेलंय, काम नको वाटतंय, पण आडवं पडलं तरी डोळा लागत नाही, तो थकवा. रक्त कमी असणं, थायरॉईड, साखर वाढणं, मनावरचा ताण यातून तो येतो. शांत बसलं की डोळे आपोआप मिटतात, टीव्हीसमोर मान खाली जाते, एसटीत बसल्या बसल्या डोळा लागतो, ती झोप. ही वही दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

कोणत्या गोळ्यांनी पेंग येते?

आपल्याकडे नेहमी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी झोप येते. सर्दी-खाजेची क्लोरफेनिरामिन (सीपीएम), सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन. पायांची आग, मुंग्या, मणक्याच्या नसेचं दुखणं यासाठीची प्रीगाबॅलिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन. जोरदार दुखण्यासाठीची ट्रामाडॉल. घबराट आणि झोपेसाठीच्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. फिटच्या आणि मानसिक आजाराच्या बऱ्याच गोळ्या. खोकल्याची काही पातळ औषधंसुद्धा यातच येतात.

यात एक गोष्ट वारंवार घडते. गावातल्या डॉक्टरांनी सर्दीची गोळी दिली, तिच्यात सीपीएम आहे. दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी खाजेसाठी लेव्होसेटिरिझिन दिली. गोळ्यांचा रंग वेगळा, नाव वेगळं, पण दोन्ही एकाच जातीच्या. माणूस दिवसभर पेंगतो आणि म्हणतो, "मी तर साधी सर्दीची गोळी घेतो." म्हणून वहीत गोळीच्या कंपनीचं नाव लिहून भागत नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. ते वाचता येत नसेल तर प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा मोबाईलने फोटो काढून ठेवा.

वही कशी ठेवायची

मुलांची जुनी वही चालते. दोन आठवडे, रोज एक पान. पानावर तीन गोष्टी लिहायच्या : रात्र, गोळ्या आणि पेंग.

*१. रात्र.* कधी आडवं पडलो, कधी उठलो, मध्ये किती वेळा जाग आली. रात्री पाणी द्यायला किंवा ऊस वाहतुकीला गेलो का. दारू घेतली का. आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाने सांगितलेलं : घोरणं होतं का, मध्येच श्वास थांबून मग जोराने घोरणं पुन्हा सुरू झालं का, पाय झटकले का.

*२. गोळ्या.* प्रत्येक गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम आणि घड्याळातली खरी वेळ. "सकाळी" असं लिहू नका, "८ वाजता, न्याहारीनंतर" असं लिहा. गोळी चुकली तर तेही लिहा. चुकलेल्या गोळीची नोंद फार उपयोगाची असते.

*३. पेंग.* दिवसातून पाच ठरलेल्या वेळांना एकेक आकडा : उठल्यावर अर्ध्या तासाने, सकाळी १०, दुपारी १, दुपारी ४ आणि रात्री ८. मोबाईलमध्ये या वेळांचे अलार्म लावून ठेवा. आकडे असे :

- ० : झोप अजिबात नाही
- १ : जांभया येतात, पण काम नीट चालतं
- २ : शांत बसलं की डोळे मिटतात, उठून चालावं लागतं
- ३ : नकळत डोळा लागला, किंवा बोलता-बोलता, जेवताना, गाडीवर डुलकी आली

आकडा त्याच वेळी लिहायचा. रात्री एकदम बसून पाचही आकडे भरले तर वही बिघडते, कारण "आज गोळी घेतली होती, म्हणजे पेंग आली असणार" असं मनच ठरवून टाकतं. एखादी वेळ हुकली तर ती जागा रिकामी ठेवा, अंदाज भरू नका.

आणि एक अट. ज्या दिवशी ३ आकडा पडला त्या दिवसापासून डॉक्टरांना दाखवेपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी चालवायची नाही, विहिरीच्या काठावर एकट्याने काम करायचं नाही. वही भरत असताना अपघात झाला तर वहीचा उपयोग काय?

एक वही उलगडून पाहू

समजा, बावन्न वर्षांचा एक केळी-ऊस बागायतदार आहे. आठ वर्षांपासून साखर आहे. तळपायाची आग होते म्हणून महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी प्रीगाबॅलिन ७५ मिलिग्रॅम सुरू केली, सकाळी एक आणि रात्री एक. तेव्हापासून तो दिवसा पेंगतो. घरच्यांनी निदान करून टाकलं आहे की गोळीमुळेच. त्याने वही ठेवली.

पहिले चार दिवस पान जवळजवळ सारखंच दिसलं. रात्री ९ ला गोळी, १० ला झोप, सकाळी ६ ला उठणं. सकाळची गोळी ८ वाजता न्याहारीनंतर. आकडे : उठल्यावर २, दहा वाजता ३, एक वाजता २, चार वाजता २, रात्री आठ वाजता १.

एवढ्यावरून काहीच ठरत नाही. दहा वाजताचा ३ गोळीचा असू शकतो. पण हा माणूस रोज दहाला बसलेलाच असतो म्हणूनही तो येत असेल. रोज सगळं सारखं घडत असेल तर वही गप्प राहते. वेळापत्रक मोडतं त्या दिवशी ती बोलायला लागते.

पाचव्या दिवशी तो बँकेच्या कामाला करमाळ्याला गेला. सकाळची गोळी घरी राहिली ती दुपारी १२ ला जेवणानंतर घेतली. त्या दिवशीचे आकडे : दहा वाजता १, एक वाजता २, चार वाजता ३. म्हणजे सगळ्यात जड पेंग दहावरून चारवर सरकली. प्रीगाबॅलिन जेवणानंतर घेतली तर तिचा रक्तातला जोर साधारण तीन तासांनी शिगेला पोचतो. गोळी चार तास उशिरा गेली आणि पेंगही तिच्यामागे सरकली. इथं गोळीचा दोष दिसला.

इथंच थांबलं असतं तर घरच्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण नवव्या दिवशी सकाळची गोळी साफ विसरली. त्या दिवशी : उठल्यावर २, दहा वाजता १, एक वाजता १, आणि चार वाजता पुन्हा २.

हा चार वाजताचा २ महत्त्वाचा आहे. सकाळची गोळी घेतलेली नाही. रात्री ९ ची गोळी घेऊन एकोणीस तास झाले. किडनी नीट असेल तर प्रीगाबॅलिन साधारण सहा तासांत अर्धी उतरते. बारा तासांत पाव, अठरा तासांत आठवा हिस्सा उरतो. एवढ्याशा उरलेल्या औषधाने बसल्या जागी डोळे मिटू नयेत. दुपारी दोन-तीनच्या सुमारास सगळ्यांनाच थोडी सुस्ती येते हे खरं, पण ती जांभईपुरती, म्हणजे १ ची असते. उठल्यावरचा २ मात्र वादाचा आहे, कारण रात्रीच्या गोळीचा अंमल सकाळी काही प्रमाणात असू शकतो. म्हणून त्यावर एकट्यावर भर देऊ नये.

मग वहीतला रात्रीचा भाग पाहायचा. बायकोने सांगितलेल्या नोंदी अशा : चौदापैकी अकरा रात्री जोराचं घोरणं. पाच रात्री "श्वास थांबला, मग गुदमरल्यासारखं करून परत घोरायला लागले." सकाळी तोंड कोरडं, चार दिवस डोकं जड. आणि घोरणं गोळी सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासूनचं. एकदा हे समोर ठेवलं की चित्र स्पष्ट होतं. त्याला एक नाही, दोन कारणं आहेत. सकाळची जड पेंग गोळीची, आणि तिच्याखाली दिवसभर असलेली पेंग झोपेत श्वास अडकण्याची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची असावी. या आजारात घशाचे स्नायू झोपेत सैल पडून श्वासाची वाट बंद होते, मेंदू क्षणभर जागा होतो आणि वाट उघडतो. रात्रभर असं पुन्हा पुन्हा घडतं. माणसाला ते आठवत नाही. घड्याळात आठ तास झोप दिसते, पण मेंदूला ती मिळालेली नसते.

वही दाखवल्यावर डॉक्टरांनी काय करावं हे साधारण ठरलेलं असतं. आधी किडनीची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन. प्रीगाबॅलिन किडनीतून बाहेर पडते, आणि साखरेच्या रुग्णाची किडनी कमजोर असेल तर नेहमीचा डोसही अंगात साठतो. मग सकाळचा डोस हळूहळू कमी करणं किंवा रात्रीकडे सरकवणं. त्यानंतर आठवडाभराने पुन्हा सात दिवस वही. समजा, आता दहा वाजताचा आकडा ३ वरून १ वर आला, पण उठल्यावरचा आणि चारचा २ तसाच राहिला. म्हणजे गोळीचा वाटा गेला आणि आजाराचा वाटा उघडा पडला. आता झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, करायची वेळ आली.

वही नसती तर काय झालं असतं? गोळी बंद केली असती, तळपायाची आग परत सुरू झाली असती, आणि चार वाजताची पेंग तशीच राहिली असती. शिवाय प्रीगाबॅलिनने काही जणांचं वजन वाढतं, आणि वजन वाढलं की ॲप्निया वाढतो. म्हणून गोळी आणि घोरणं या दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांच्या कानावर घालाव्या लागतात.

आपली वही कशी वाचायची

पंधरा दिवस झाले की शांत बसून तीन प्रश्न विचारा.

*गोळी उशिरा घेतली किंवा चुकली त्या दिवशी पेंग सरकली का, कमी झाली का?* हो असेल तर गोळीचा वाटा आहे. पेंग गोळी किंवा डोस सुरू झाल्यापासून काही दिवसांतच आली असेल तर संशय आणखी पक्का.

*रात्री जास्त झोप मिळाली त्या दिवशी आकडे उतरले का?* रात्री पाणी दिलं त्या दिवसांनंतर ३ आणि निवांत झोपेनंतर ०, असं दिसलं तर ना गोळी, ना आजार. झोप कमी पडते आहे. सीझनमध्ये हे कारण पुष्कळांना लागू पडतं, आणि त्याला औषध नाही, झोपच लागते.

*गोळी असो-नसो, सात-आठ तास झोप होऊनही रोज २ किंवा ३?* मग झोपेचा आजार शोधायला हवा. घोरणं, श्वास अडकणं, न उतरणारं बीपी असेल तर ॲप्निया. रात्री पाय अस्वस्थ होऊन सारखे हलवावेसे वाटत असतील तर तो वेगळा आजार, आणि त्यात रक्तातलं लोह तपासतात. तरुण मुलाला अचानक आवरता न येणारी झोप येत असेल, हसताना गुडघे किंवा मान ढिली पडत असेल, तर नार्कोलेप्सी असू शकते. असा मुलगा आळशी नसतो, आजारी असतो.

वही कुठं कमी पडते

काही गोळ्यांचा अंमल इतका लांब असतो की वहीत चढ-उतार दिसतच नाही. क्लोनाझेपाम अर्धी उतरायला दीड दिवस लागू शकतो. ती रोज रात्री घेणाऱ्याच्या रक्तात औषध चोवीस तास असतं, त्यामुळे पेंगही दिवसभर सारखी राहते आणि ती हुबेहूब आजारासारखी दिसते. एखादी गोळी चुकली तरी दुसऱ्या दिवशी फरक पडत नाही. सीपीएम आणि अमिट्रिप्टिलिनचा अंमलही बराच लांबतो. अशा गोळ्या चालू असतील तर "आकडे सरकले नाहीत, म्हणजे गोळी निर्दोष" असं समजू नका. तिथं डॉक्टरांनी डोस बदलल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा वही ठेवली तरच फरक कळतो.

दुसरी अडचण, एकाच वेळी दोन बदल केले तर वहीतून काहीच समजत नाही. गोळी बदलली आणि त्याच आठवड्यात दारू सोडली, तर आकडे कशाने उतरले हे कोण सांगणार?

गोळी मनाने थांबवू नका

मुद्दाम गोळी चुकवून वहीत प्रयोग करायचा नाही. वरच्या उदाहरणात गोळी विसरली होती, चुकवली नव्हती. फिटच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, प्रीगाबॅलिन, गॅबापेंटिन, ट्रामाडॉल आणि मानसिक आजाराच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट, घबराट, घाम, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात. गोळीची वेळ बदलायची असली तरी डॉक्टरांना विचारूनच. साध्या सर्दीच्या गोळीचं तसं नाही. सर्दी गेली की तिचं काम संपतं.

ही पेंग नाही, तातडी आहे

काही वेळा जे झोपेसारखं दिसतं त्यात वही उघडत बसायचं नसतं.

- रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी खाली पडल्या, डोळे उघडवत नाहीत, पोटात दुखतंय, गिळता येत नाही : मण्यार चावलेली असू शकते. तिच्या दंशाची खूण दिसतेच असं नाही, दुखतंच असंही नाही.
- साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला गुंगीसोबत घाम, थरथर, बडबड : साखर उतरली असेल. शुद्धीत असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्या.
- अचानक गुंगी आणि तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, एक हात ढिला.
- हलवूनही नीट जाग येत नाही, श्वास मंद झालाय.

यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

वही घेऊन कुठं जायचं

आधी ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांच्याकडेच जा. वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं (मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलीसुद्धा) आणि शक्य असेल तर रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. घोरण्याचा आणि श्वास थांबण्याचा मिनिटभराचा मोबाईल व्हिडिओ असेल तर डॉक्टरांचं काम निम्मं होतं. ते तुम्हाला बसून वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत बसल्यावर झोप लागते का असे आठ प्रश्न विचारतील. ही एपवर्थ नावाची प्रश्नावली आहे. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये मांडली. एकूण २४ पैकी १० च्या वर गुण आले तर पेंग जास्त मानतात. पण ती पेंग किती हे सांगते, कशामुळे हे सांगत नाही. त्यासाठी तुमची वही लागते.

स्लीप स्टडीची चिठ्ठी मिळाली तर जेऊर स्टेशनवरून सोलापूरची किंवा पुण्याची गाडी धरण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारून घ्या : ही तपासणी तिथं होते का, खर्च किती, आणि रात्रभर राहावं लागतं की मशीन घरी देतात. आणि तपासणीच्या रात्री नेहमीच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हेही डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या.